कोरेगाव आणि हैदराबाद: संदेश लिहून नाते थांबवायचे असेल तर

प्रश्न: मी कोरेगाव तालुक्यातला, वय २९. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरची शेती हातात घेतली, आता आले लावतो. माझी मैत्रीण हैदराबादला औषध कंपनीत आहे आणि तिला पुढे कॅनडात स्थायिक व्हायचे आहे. पाच वर्षांचे नाते आहे, मोठे भांडण कधी झालेले नाही. फोनवर सांगायला गेलो की ती रडते, मी विरघळतो आणि विषय "बघू"वर संपतो. मेसेज करून सांगितले तर चालेल का? तिला कमीत कमी त्रास होईल असे कसे लिहू? मसुदा सोबत जोडला आहे. ठिबकसाठी तिने दिलेले ४०,००० रुपयेही परत करायचे आहेत.

उत्तर:

तुमच्या परिस्थितीत लिहून कळवणे योग्य ठरेल असे मला वाटते, पण तुमचा मसुदा वाचल्यावर एक शंका आली आणि ती आधी दूर करायला हवी. तुम्ही पाठवणार आहात तो निर्णय आहे की अट? मसुद्यात एके ठिकाणी तुम्ही लिहिले आहे, "तू कॅनडाचा विचार सोडला असतास तर गोष्ट वेगळी असती." हे वाक्य वाचणारी व्यक्ती तिथेच थांबते आणि कॅनडाचा विचार सोडता येईल का, याचा हिशोब सुरू करते. पुढे तुम्ही कितीही हळुवार लिहिले तरी तिच्या दृष्टीने तो निरोप राहत नाही, ती वाटाघाट होते.

सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींना मी अशा वेळी एकच प्रश्न विचारते, आणि तो तुम्हीही स्वतःला विचारावा. समजा उद्या सकाळी तिचा फोन आला, "मी नोकरी सोडते, कोरेगावला येते, आपण लग्न करू." ते ऐकल्याबरोबर तुम्हाला पहिल्यांदा काय वाटेल? आनंद वाटणार असेल, तर तुम्हाला नाते संपवायचे नाही. तुम्हाला तिला इथे येण्याविषयी विचारायचे आहे आणि नकाराच्या भीतीने तुम्ही ते विचारत नाही. अशा वेळी निरोपाचा संदेश पाठवणे हा तिच्यावर अन्याय आहे, कारण तिच्याकडून होकार काढण्यासाठी तुम्ही तिला आधी घाबरवता. तो प्रश्न समोरासमोर, सरळ विचारावा. पण तो फोन कल्पनेत ऐकूनही छातीवर ओझे आल्यासारखे वाटत असेल, ती इथे येऊन दोन वर्षांत कोमेजेल आणि त्याला आपण जबाबदार असू असे मनात येत असेल, तर निर्णय झालेला आहे आणि तो तिला कळवायचा तेवढा बाकी आहे. पुढचे सर्व मी हा दुसरा अर्थ धरून लिहिते आहे.

संदेशाने कळवणे भित्रेपणाचे आहे, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही, पण सगळे परिस्थितीवर अवलंबून असते. तुम्ही दोघे साताऱ्यातच राहत असता आणि दर रविवारी भेटत असता, तर मी तुम्हाला भेटूनच सांगायला लावले असते. साखरपुडा झाला असता किंवा दोन्ही घरांत बोलणी सुरू असती, तर केवळ संदेशावर भागले नसते, कारण तिथे दोन माणसांपेक्षा अधिक जण गुंतलेले असतात. तुमच्या बाबतीत मधले अंतर मोठे आहे, आणि बोलून सांगण्याचा प्रयत्न एकाहून अधिक वेळा फसलेला आहे. प्रत्येक फसलेल्या फोननंतर ती अधिक धास्तावते आणि तुम्ही अधिक अपराधी होता, त्यामुळे पुढचा फोन आणखी कठीण होतो. लिहिण्याचा फायदा असा की वाक्य पूर्ण होते. मध्येच कोणाच्या हुंदक्याने त्याची दिशा बदलत नाही. तिलाही आधी एकटीने वाचता येते, रडता येते आणि मग बोलायचे की नाही हे ठरवता येते. मात्र संदेश पाठवला म्हणजे बोलण्याची जबाबदारी संपली, असे समजू नये. त्याविषयी पुढे लिहिते.

आता तुमचा मसुदा. त्यातल्या चार वाक्यांवर मी खूण केली आहे. चारही वाक्ये चांगल्या हेतूने लिहिलेली आहेत आणि चारही तिला अधिक दुखावतील.

पहिले वाक्य, "सध्या आपण थांबलेले बरे." यातल्या "सध्या"मुळे तिला वाट पाहण्याचे कारण मिळते. "कदाचित", "थोडा वेळ घेऊ", "पुढचे पुढे बघू" ही त्याच जातीची वाक्ये. लिहिणाऱ्याला ती मऊ वाटतात; वाचणारी त्यांच्या आधारावर महिनोन्महिने काढते.

दुसरे वाक्य, "घरचे कधीच तयार होणार नाहीत." आपल्या भागात हे कारण सर्वांत सहज सुचते, कारण ते ऐकून कोणी वाद घालत नाही आणि सांगणारा वाईट ठरत नाही. पण तुमच्याच पत्रावरून दिसते की घरच्यांना अजून काही विचारलेलेच नाही. मिरजेची एक मुलगी माझ्याकडे येत असे. तिच्या मित्राने पुण्याहून असेच लिहिले होते, "आई ऐकत नाही, मला वेळ दे." तिने ते खरे मानले. त्याच्या मावशीशी ओळख वाढवली, पत्रिका जुळवून आणली, त्याच्या आईला आवडेल म्हणून बोलण्यावागण्यात बदल केले. वर्ष उलटून गेल्यावर त्याने कबूल केले की आईला त्याने काही सांगितलेच नव्हते. त्याला स्वतःलाच लग्न करायचे नव्हते. नाते संपल्याचे दुःख तिने काही महिन्यांत पचवले. आपण नसलेल्या भिंतीवर धडका मारत होतो, याची लाज मात्र तिला फार काळ पुरली. म्हणून निर्णय तुमचा असेल तर तो तुमच्याच नावावर लिहावा. घरच्यांचे दडपण खरोखर असेल तर तेही लिहावे, पण "त्यांचे ऐकायचे मी ठरवले आहे" इतक्या स्पष्टपणे.

तिसरे वाक्य, "तुला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला मुलगा मिळेल." तिला दुसरा कोणी नको आहे, निदान आज तरी. हे वाक्य तिच्या दुःखावर बोलतच नाही आणि तुमच्या मोठेपणाचे दाखले तिच्याकडून मागते. उत्तरात ती लिहील, "मला तूच हवा आहेस", आणि पुन्हा तुम्हाला नकार द्यावा लागेल.

चौथे वाक्य, "आपण कायम चांगले मित्र राहू, रोज बोलत जाऊ." हे वचन तुम्ही स्वतःची अपराधीपणाची भावना कमी करण्यासाठी देत आहात. रोजचे बोलणे चालू राहिले तर नाते फक्त नावापुरते संपते, आणि ज्या दिवशी तुम्हाला स्थळ येईल त्या दिवशी तिला तो घाव दुसऱ्यांदा सोसावा लागेल. मैत्री पुढे कधी होईलही, पण त्याचे आश्वासन या पत्रात नको.

तुमच्याच मसुद्यातील तपशील घेऊन मी तो असा मांडला आहे. शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यासारखे करून घ्या. क्रम मात्र शक्यतो बदलू नका.

"(नाव), हा संदेश मोठा आहे आणि आपल्या दोघांविषयी आहे. लॅबमध्ये असशील तर खोलीवर गेल्यावर निवांत वाच.

मी आपले नाते इथे थांबवायचे ठरवले आहे. फोनवर हे सांगायचा प्रयत्न केला, पण तुझे रडणे ऐकून प्रत्येक वेळी माघार घेतली आणि 'बघू' म्हणालो. त्यामुळे तू अधांतरी राहिलीस, याचे मला वाईट वाटते. म्हणून आज लिहून सांगतो आहे.

मला गावातच राहायचे आहे, शेती करायची आहे आणि आई-दादांजवळ राहायचे आहे. हे पुढे बदलेल असे मला वाटत नाही. तुला कॅनडाला जायचे आहे आणि त्यासाठी तू किती कष्ट घेते आहेस ते मी पाहिले आहे. मी तिकडे येणार नाही, आणि तू ते सोडून इथे यावेस असेही मला नको आहे. घरच्यांनी सांगितले म्हणून मी हे लिहीत नाही. निर्णय माझा आहे.

मी नोकरी सोडून गावी आलो तेव्हा सगळे मला वेड्यात काढत होते. तू एकटीने माती परीक्षणाचा अहवाल समजून घेतलास आणि खतांचा हिशोब मांडून दिलास. ते मी विसरणार नाही.

तुला बोलायचे असेल तर उद्या संध्याकाळी सातनंतर मी फोन घेईन आणि विचारशील त्याचे खरे उत्तर देईन. बोलायचे नसेल तरी चालेल. निर्णय मात्र बदलणार नाही."

यात पहिल्या दोन ओळी निर्णयाच्या आधी मुद्दाम ठेवल्या आहेत. फोन लॉक असतानाही पडद्यावर संदेशाची सुरुवात दिसते, आणि "नाते थांबवायचे ठरवले आहे" हे शब्द तिने चार सहकाऱ्यांसमोर वाचावेत असे तुम्हालाही वाटणार नाही. पण इशारा आणि निर्णय एकाच संदेशात असले पाहिजेत. "उद्या महत्त्वाचे बोलायचे आहे" एवढेच लिहून रात्रभर तिला टांगणीला लावणे हे क्रूर आहे. इशाऱ्यानंतर लगेच निर्णय येतो, कारण मोठा संदेश मध्येच दुमडला जातो आणि पुढचा भाग वाचण्यासाठी बोट लावावे लागते. आठवणी आणि कौतुक आधी लिहिले तर ती सुखावून वाचत जाते आणि मग खाली कोसळते. नंतर ते कौतुकही तिला फसवे वाटू लागते. म्हणून आठवण निर्णयानंतर, एकच, आणि अशी की जी फक्त तिच्याविषयीच खरी असेल. "तू खूप चांगली आहेस" हे कोणालाही लिहिता येते. खतांचा हिशोब तिनेच मांडला होता.

कारणाचा परिच्छेद लिहिताना तिच्या स्वभावावर एक शब्दही येऊ देऊ नका, अगदी चांगल्या अर्थानेसुद्धा. "तू फार महत्त्वाकांक्षी आहेस" हे तुम्ही प्रशंसा म्हणून लिहाल, आणि ती पुढची कित्येक वर्षे आपली महत्त्वाकांक्षाच दोषी होती असे धरून चालेल. तुम्ही कुठे राहणार आणि तिला कुठे जायचे आहे, एवढ्या वस्तुस्थितीत कारण पूर्ण होते. संबोधनही नेहमीचेच ठेवा. एरवी "तू" म्हणणाऱ्या माणसाने अशा पत्रात अचानक "तुम्ही"वर जाणे फार परके वाटते. लाडाचे नाव मात्र टाळा.

मजकूर व्हॉट्सॲपच्या चौकटीत लिहू नका. तिने त्याच वेळी चॅट उघडले तर तुम्ही टाइप करत असल्याचे तिला अर्धा तास दिसत राहील आणि ती घाबरेल. फोनमधल्या नोट्समध्ये लिहा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी मोठ्याने वाचा आणि मग एकाच तुकड्यात पाठवा. पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो, पण तो बदलला असल्याची खूण तिला दिसते. आधी काय लिहिले होते याचा ती विचार करत बसेल. ध्वनिसंदेश पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आवाजातला कंप ती पुन्हा पुन्हा ऐकेल आणि त्यात तुमचे मन डळमळीत असल्याची खूण शोधेल.

वेळ निवडताना तिच्या दिवसाचा विचार करा, तुमच्या सोयीचा नाही. रात्री साडेअकराला पाठवलेला असा संदेश माणसाला पहाटेपर्यंत एकटे पाडतो. तिला दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशा दिवशी, कामावरून परतल्यावर सातच्या सुमारास पाठवावा. तिची खोलीतली मैत्रीण गावी गेलेली नाही ना, हे तुम्हाला सहज ठाऊक असेल. ती असताना पाठवा. वाढदिवस, इंग्रजीची परीक्षा, घरातले कार्य यांच्या आदल्या आठवड्यात पाठवू नका. पण कॅलेंडर उलगडून बसलात तर प्रत्येक आठवड्यात काही ना काही सापडेल. तसे झाले तर तुम्ही तारीख शोधत नसून पळवाट शोधत आहात, हे ओळखा.

यानंतर खरी परीक्षा तिच्या उत्तराची असते, आणि बहुतेक जण संदेशावर जितके कष्ट घेतात त्याच्या निम्मेही त्यावर घेत नाहीत. तुमच्याबाबतीत येण्याची सर्वाधिक शक्यता असलेले उत्तर मी आधीच सांगते: "मी कॅनडा सोडते. मी कोरेगावला येते." हे उत्तर ऐकायला तुमची तयारी नसेल तर तुम्ही पुन्हा "बघू" म्हणाल. नाते हातातून निसटताना माणूस काहीही द्यायला तयार होतो, आणि त्या क्षणी ते खरेच असते. पण त्या देण्याच्या बळावर उभा राहिलेला संसार पुढे प्रत्येक तणावात त्याच हिशोबाकडे परत येतो: मी तुझ्यासाठी काय सोडले. तिच्या प्रस्तावावर "तुला जमणार नाही", "तुला गाव झेपणार नाही" असे म्हणू नका, कारण मग ती जमवून दाखवण्याच्या मागे लागेल. इतकेच लिहा: "तू हे मनापासून म्हणते आहेस हे मला कळते. तरीही माझे उत्तर तेच आहे. तू तुझे जाणे सोडलेले मला नको आहे." पुन्हा विचारले तर हेच, जवळपास याच शब्दांत. दर वेळी नवे कारण दिले तर ती प्रत्येक कारण खोडून काढू शकेल अशी आशा तिला वाटत राहते.

ती रागावली, कठोर बोलली तर बचाव करू नका. "पाच वर्षे फुकट घालवलीस" यावर "नाही, तसे नाही" म्हणण्यापेक्षा "तुला तसे वाटणे मी समजू शकतो, हे मी आधी सांगायला हवे होते" हे अधिक प्रामाणिक आहे. दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर त्या दिवशी पुन्हा लिहू नका. "ठीक आहेस ना?" हा प्रश्न काळजीपोटी असला तरी त्याचे उत्तर देण्याचे ओझे तिच्यावर पडते.

एका बाबतीत मात्र थांबू नये. जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला काही करून घेईन अशा अर्थाचे तिने काही लिहिले, तर नात्याविषयी बोलणे तिथेच थांबवा आणि लगेच तिला फोन करा. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला किंवा भावाला कळवा आणि तिच्याजवळ कोणी तरी आहे याची खात्री होईपर्यंत फोन ठेवू नका. धोका तातडीचा वाटला तर ११२ वर संपर्क साधायला तिच्या मैत्रिणीला सांगा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. पण भीतीपोटी "मी निर्णय मागे घेतो" असे म्हणू नका. त्याने तो प्रसंग टळल्यासारखा वाटतो, आणि काही आठवड्यांनी तोच प्रसंग अधिक धोकादायक होऊन समोर येतो.

तुम्ही देऊ केलेला फोन पाळा. ती रडेल, तेव्हा गप्प राहून ऐकणे हे तुमचे काम आहे, रडणे थांबवणे नाही. आतापर्यंत तुम्ही तेच थांबवायला गेलात आणि त्यात निर्णय गेला. एक फोन बहुधा पुरतो, कधी दोन लागतात. प्रश्न तेच तेच येऊ लागले की, "याचे उत्तर मी दिले आहे, आता थांबू या" असे सांगून नम्रपणे ठेवावा.

पैशांचा उल्लेख त्या संदेशात करू नका. निरोपाबरोबर हिशोब आला की पाच वर्षांचे मोल ४०,००० रुपये लावल्यासारखे वाटते. आठवड्याभराने वेगळा, कोरडा पण सभ्य संदेश पाठवा. "आले निघाले की देतो" असे लिहू नका. आल्याचा भाव कसा वरखाली होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि भाव पडला की तिला तुम्हाला विचारावे लागेल. एकदम देणे शक्य नसेल तर दर महिन्याच्या पाच तारखेला १०,००० रुपये, असे चार हप्ते ठरवा आणि बँकेत तशी आपोआप भरण्याची सूचना देऊन ठेवा, म्हणजे हप्त्याच्या निमित्ताने बोलणे होणार नाही. ती "राहू दे, नको" म्हणाली तरी पाठवा. त्याच संदेशात लिहा की तिचे खाजगी फोटो तुम्ही फोनमधून आणि गूगलच्या साठ्यातून काढून टाकले आहेत, आणि हे लिहिण्याआधी ते खरोखर काढून टाका. तुमच्या बहिणीला हे नाते ठाऊक आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिला मैत्रिणीच्या आधी सांगू नका, पण त्याच दिवशी रात्री सांगा, म्हणजे ती अजाणता तिला नेहमीसारखा फोन करणार नाही.